तीन वर्षांत 20 टक्के, म्हणजे वर्षाला 6.67? (एसआयपी, XIRR आणि मेहुण्याशी वाद)

रानवारा

मंडळी, एका घरगुती वादाचा निकाल लावून द्या.

5 जानेवारी 2022 पासून एका फ्लेक्सीकॅप फंडात दर महिन्याच्या 5 तारखेला 10,000 ची एसआयपी केली. डिसेंबर 2024 पर्यंत 36 हप्ते झाले, म्हणजे खिशातून गेले 3 लाख 60 हजार. 5 जानेवारी 2025 ला बघितलं तर किंमत 4 लाख 32 हजार. मधे एक रुपया काढला नाही की जास्तीचा घातला नाही.

मेहुण्याचं म्हणणं असं: "72 हजार फायदा, म्हणजे 20 टक्के. तीन वर्षांनी भागलं की वर्षाला 6.67. माझी बँकेची आरडी 7 टक्के देते, ती पण रात्री शांत झोप लावून. कशाला ही शेअर बाजाराची थेरं?" फंडाच्या ऍपवर मात्र XIRR म्हणून 12 च्या पुढचा आकडा दिसतो. मेहुणा म्हणतो, तो ऍपवाल्यांचा मार्केटिंगचा आकडा आहे.

मला वाटतं त्याचं गणित चुकतंय, पण कुठे चुकतंय ते त्याला पटेल असं सांगता येत नाही. सूत्र नको, कारण द्या.

चहा_दोन_साखर

मेहुणा बरोबर आहे. मेहुणा नेहमीच बरोबर असतो. बायको घरात आहे ना?

आजोळ

एसआयपीसाठी 5 तारीख चांगली की 25? मी महिनाअखेरीला बाजार पडतो असं ऐकलंय.

गणोबा_72

मी बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली बरीचशी ठेवींच्या काउंटरवर. त्यामुळे आरडीबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

रानवारा, मेहुण्याला फंडाचं काही सांगूच नका. त्याला त्याच्याच आरडीचा हिशोब करायला लावा. महिना 10,000, मुदत 36 महिने, दर 7 टक्के, व्याज तिमाही चक्रवाढ. मुदत संपल्यावर बँक त्याच्या हातात साधारण 4 लाख 1 हजार ठेवेल. भरले 3 लाख 60 हजार, व्याज झालं 41 हजार. आता त्याचीच पट्टी लावा: 41 हजार म्हणजे साडेअकरा टक्के, भागिले तीन, वर्षाला 3.8. मग त्याला विचारा, बँकेने 7 कबूल करून 3.8 दिले, तर तक्रार केलीस का?

काउंटरवर हा प्रश्न दर महिन्याला यायचा. "साहेब, 7 टक्क्यांनी एवढंच व्याज कसं?" कारण सोपं आहे. पहिला हप्ता बँकेकडे तीन वर्षं राहतो, शेवटचा जेमतेम एक महिना. तीन वर्षांचं व्याज फक्त पहिल्या हप्त्याला मिळतं. 3 लाख 60 हजार ही रक्कम तीन वर्षं कधी बँकेत नव्हतीच.

रानवारा

गणोबाकाका, साष्टांग! हे त्याला लगेच पाठवतो. 3.8 वाचून त्याची झोप उडणार.

सांख्यिक

काकांनी मुद्दा नेमका पकडलाय. त्याला जोडून XIRR काय करतं ते सांगतो.

तुमचे 36 हप्ते आपापल्या तारखेला एखाद्या काल्पनिक बँक खात्यात टाकले असते, तर आज खात्यात नेमके 4 लाख 32 हजार दिसायला त्या खात्याचा दर किती लागला असता? तो दर म्हणजे XIRR. तुमच्या बाबतीत तो 12.2 टक्क्यांच्या आसपास येतो. त्या दराने जानेवारी 2022 च्या पहिल्या 10,000 चे आज सुमारे 14,125 होतात. जुलै 2023 च्या हप्त्याचे 11,900 च्या थोडे आत. डिसेंबर 2024 च्या हप्त्याला फक्त 31 दिवस मिळाले, त्याचे 10,098. अशा सगळ्या 36 रकमा मिळवल्या की 4.32 लाखांची बेरीज जुळते. दर 11 धरला तर कमी पडते, 13 धरला तर जास्त होते. संगणक हेच करत बसतो, दर थोडा वरखाली करून बेरीज जुळेपर्यंत बघतो. यात मार्केटिंग काही नाही.

आरडीलाही हीच पट्टी लावा, तिचा XIRR 7.19 येईल. 7 च्या वरचा तो चिमूटभर तिमाही चक्रवाढीचा. म्हणजे खरी तुलना 12.2 विरुद्ध 7.19 अशी आहे.

(अवांतर: 5 जानेवारी 2025 ला रविवार होता. तुम्ही बघितलेली किंमत शुक्रवारच्या एनएव्हीची असणार. उत्तरात काही फरक पडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

शॉर्टकट

एवढा उपद्व्याप कशाला? एसआयपीत पैसा सरासरी निम्मा काळ गुंतलेला असतो. 6.67 दुप्पट करा, 13.3. झालं. XIRR वगैरे एक्सेलवाल्यांचे चोचले आहेत.

सांख्यिक

शॉर्टकट, ठोकताळा म्हणून वाईट नाही. 12.2 च्या ठिकाणी 13.3 आले कारण चक्रवाढ सुटली, मुदत लांबली की ही चूक फुगत जाते. पण मोठी अडचण वेगळी आहे. निम्मा काळ हे फक्त दर महिन्याला सारख्याच रकमेच्या एसआयपीत खरं असतं. कोण असं गुंतवतं? दिवाळीला बोनस येतो, कोणी प्लॉट विकतो, कोणाला निवृत्तीचे पैसे मिळतात. एक उदाहरण बघा, आकडे सोपे व्हावेत म्हणून रचलेले आहेत.

एकाने 1 जानेवारी 2022 ला फंडात 1 लाख टाकले. वर्षभरात फंड 40 टक्के वाढला, झाले 1.40 लाख. फंड भारी आहे असं वाटून 1 जानेवारी 2023 ला त्याने आणखी 10 लाख ओतले. दुसऱ्या वर्षी फंड 10 टक्के पडला. 11.40 लाखांचे राहिले 10.26 लाख.

फंडाला विचारा: 100 चे 140 झाले, 140 चे 126. दोन वर्षांत 26 टक्के, वर्षाला 12.2. जाहिरातीत हाच आकडा छापला जाईल आणि तो खोटा नाही. गुंतवणूकदाराला विचारा: 11 लाख गेले, 10.26 लाख हातात, 74 हजारांचा खड्डा. त्याचा XIRR उणे 6.2. दुप्पट-निम्म्याच्या ठोकताळ्याने इथे काहीच कळणार नाही. ज्याला पडताळायचं आहे त्याने शीटमध्ये हे टाकावं:

```
      A             B
1   2022-01-01    -100000
2   2023-01-01    -1000000
3   2024-01-01     1026000

=XIRR(B1:B3, A1:A3, -0.1)
```

खिशातून गेलेले पैसे उणे, हातात आलेले अधिक. आजची किंमत म्हणजे आज सगळं विकलं असं समजून शेवटी एक अधिक रक्कम. सूत्रातला शेवटचा -0.1 हा अंदाज असतो, एरवी नाही दिला तरी चालतो. पण तोटा असेल तर एक्सेल कधी कधी उत्तर शोधताना हरतो आणि सेलमध्ये 0.00% दाखवून मोकळा होतो. सेलचं फॉरमॅट बदललंत तर तिथे 2.98E-09 असलं काहीतरी दिसतं. हे उत्तर नसतं. उणे अंदाज दिला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

मृदगंध

सांख्यिक, तो 10 लाख ओतणारा म्हणजे आमचे हे. नाव घेत नाही.

चहा_दोन_साखर

मृदगंधताई, उखाण्यात घ्या.

रानवारा

थांबा थांबा, इकडे गडबड झालीय. ऍपवर विसंबून न राहता स्वतः करून बघू म्हणून गुगल शीटमध्ये 36 तारखा आणि रकमा टाकल्या. आधी `#NUM!` आलं, मग लक्षात आलं की सगळ्याच रकमा अधिक होत्या. हप्ते उणे केल्यावर उत्तर आलं 9.5 टक्के! 12.2 कुठे गेले? मेहुणा शेजारी बसून हसतोय.

सांख्यिक

तारखा कशा टाईप केल्या? 05/01/2022 अशा?

रानवारा

हो, 05/01/2022, 05/02/2022, 05/03/2022 अशा. का?

सांख्यिक

मग सापडलं. तुमच्या शीटची सेटिंग अमेरिकेची असणार. ती महिना आधी वाचते, त्यामुळे 5 जानेवारी झाली 1 मे, 5 फेब्रुवारी झाली 2 मे, 5 डिसेंबर झाली 12 मे. म्हणजे शीटच्या मते तुम्ही दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत रोज 10,000 भरले आणि 1 मे 2025 ला किंमत मोजली. तारखा सगळ्या वैध, म्हणून चुकीचा इशाराही नाही. हप्ते खरं तर सरासरी दीड वर्षाच्या आसपास गुंतलेले होते, शीटने ते जवळजवळ दोन वर्षं धरले. तेवढाच फायदा, काळ जास्त, म्हणून दर साडेनऊला उतरला.

File मध्ये Settings, तिथे Locale ला India करा आणि तारखा पुन्हा टाका, कारण जुन्या तारखा आपोआप सुधारत नाहीत. नंतर तारखेचा रकाना महिन्याचं नाव दिसेल अशा फॉरमॅटमध्ये करून एकदा नजर फिरवा. तुमची एसआयपी 15 तारखेची असती तर 15 वा महिना नसल्यामुळे तारीख मजकूर म्हणून सेलच्या डावीकडे चिकटली असती आणि गडबड लगेच दिसली असती. 1 ते 12 तारखेचे लोक यात गुपचूप फसतात.

रानवारा

आलं! 12.2. मेहुणा चहा टाकायला गेला.

आजोळ

म्हणजे 5 पेक्षा 15 तारीख चांगली ना? मी तेच विचारत होतो.

गणोबा_72

आजोळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पगार जमा झाल्यानंतरची कुठलीही. बाउन्स झालेल्या हप्त्याचा दंड कुठल्याही तारखेच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

डेरिंगबाज

12 टक्क्यांवर एवढा आनंद? माझा XIRR बघा, 70 टक्के. स्क्रीनशॉट टाकू?

शॉर्टकट

किती दिवसांचा?

डेरिंगबाज

40 दिवस झाले. 6 टक्के वर आहे.

सांख्यिक

बरोबर, 40 दिवसांत 6 टक्के म्हणजे वर्षाला 70. पुढचे 325 दिवस याच वेगाने बाजार पळेल असं सूत्राने परस्पर ठरवलंय, तुम्हाला विचारलेलं नाही. वर्ष पूर्ण व्हायच्या आत XIRR बघूच नये, सरळ 6 टक्के म्हणावं. पुढच्या आठवड्यात बाजार 5 टक्के पडला की तुमचे 70 पाच-सहावर येतील, तेव्हा स्क्रीनशॉट नक्की टाका.

आणखी एक विचारतो. ट्रेडिंग खात्यात पडून असलेली रक्कम धरली का?

डेरिंगबाज

नाही, ती कशाला धरायची? 4 लाख पडून असतात, संधी आली की लावायला. लावले 50 हजारच आहेत.

गणोबा_72

म्हणजे साडेचार लाख तुमच्या या उद्योगासाठी अडकलेत, कमाई 3 हजार. बचत खात्याने 40 दिवसांत साधारण त्याच्या निम्मं तरी दिलं असतं, ब्रोकरकडे तेही नाही.

डेरिंगबाज

काका, पडून असलेला पैसा हा माझा निर्णय आहे, शेअरची चूक नाही. मी शेअर निवडण्यात किती हुशार आहे ते मोजतोय.

सांख्यिक

दोन्ही मोजता येतात, फक्त कशाभोवती कुंपण घातलंय ते आधी ठरवा आणि मग बदलू नका. मी स्वतः "बाजारासाठी बाजूला काढलेला पैसा" एवढं कुंपण घालतो आणि थांबून राहिलेली रक्कम आत धरतो. माझा आकडा त्यामुळे ओशाळवाणा दिसतो. पण गणोबाकाकांसारखे लोक घरखर्चाचं बचत खातंही आत धरायला लावतील, तिथे मी सहमत नाही.

गणोबा_72

लावणारच. पैसा तो पैसा.

मृदगंध

माझा गंभीर प्रश्न. ऍप मला 15.3 दाखवतं. फोलिओ सहा वर्षांचे आहेत. रजिस्ट्रारकडून मागवलेल्या एकत्रित स्टेटमेंटवरून (कॅम्स आणि केफिनटेकचं एकच येतं, पहिल्या दिवसापासूनचं मागवता येतं) शीट बनवलं तर 11.6 येतात. तारखा सांख्यिक म्हणतात तशा तपासल्या, ठीक आहेत. मग खरं कोणाचं?

शॉर्टकट

स्टॅम्प ड्युटी. जुलै 2020 पासून कापतात. ऍप ती धरत नाही.

सांख्यिक

0.005 टक्के. 10,000 वर 50 पैसे. त्याने पावणेचार टक्क्यांचा फरक पडायचा तर कलियुगच म्हणायचं.

मृदगंध, मधल्या काळात एखाद्या फंडातून पूर्ण बाहेर पडलात का?

मृदगंध

हो, 2 फंड. एक फार्माचा, 2 वर्षांनी जवळपास मुद्दलात विकला. एक स्मॉलकॅप, तो 2020 च्या मार्चमध्ये घाबरून तोट्यात विकला होता.

सांख्यिक

तिथे शोधा. बऱ्याच ऍपवर वर दिसणारा XIRR फक्त आज हातात असलेल्या युनिटांचा असतो. विकून संपलेले फंड यादीतून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांचा तोटाही. आपण सहसा रडके फंड विकतो, चांगले ठेवतो, म्हणून उरलेल्यांचा आकडा गोंडस दिसतो. तुमच्या शीटमध्ये त्यांची खरेदी आणि विक्री दोन्ही आहेत, म्हणून 11.6. शीटमधून ते दोन्ही फंड पूर्ण वगळून बघा, 15 च्या जवळ जायला हवं.

दुसरं, एका योजनेतून दुसरीत स्विच केलं असेल तर स्टेटमेंटमध्ये ते विक्री आणि खरेदी असं दोनदा दिसतं. एकूण पोर्टफोलिओचा हिशोब करताना ते दोन्ही वगळा किंवा दोन्ही ठेवा. एकच ठेवलं तर पैसे हवेतून आले किंवा हवेत गेले असं होतं. आणि लाभांश बँकेत जमा होत असेल तर तो ज्या दिवशी आला त्या दिवशी अधिक म्हणून लिहा. शेअरवाले हे हटकून विसरतात. बोनस शेअर किंवा स्प्लिटला मात्र काही लिहायचं नाही, खिशातून काही गेलेलं नसतं.

मृदगंध

वगळून बघितलं. 14.7 आले. म्हणजे बराचसा फरक तोच होता. उरलेले 0.6 कुठले, कोण जाणे. स्विच एकही नाही.

सांख्यिक

मलाही नाही सांगता येणार. ऍप खरेदीची तारीख कधी धरतं, पैसे गेल्याची की युनिट मिळाल्याची, ते त्यांच्या मदतकक्षाला विचारून बघा. पण एवढ्याने 0.6 यावेत असं वाटत नाही.

शॉर्टकट

एक आक्षेप नोंदवतो. XIRR असं धरून चालतं की मधे काढलेले पैसे तुम्ही त्याच दराने पुन्हा गुंतवलेत. आमच्या सरांनी शिकवलं होतं. मग मृदगंधताईंच्या 2020 मधल्या विक्रीचं काय?

सांख्यिक

हे पुस्तकांत लिहिलेलं असतं, मला पटत नाही. सूत्राला फक्त तारखा आणि रकमा दिसतात. बाहेर पडलेल्या पैशाचं तुम्ही सोनं घेतलं की गोव्याला जाऊन मासे खाल्ले, त्याला पत्ता नाही. XIRR फक्त आत असलेल्या पैशाबद्दल बोलतं, जितके दिवस तो आत होता तितक्याच दिवसांचं. हां, "सहा वर्षांत माझी एकूण संपत्ती किती दराने वाढली" असा प्रश्न असेल तर बाहेर गेलेल्या पैशाचं काय झालं ते धरावंच लागेल. तेव्हा तुमच्या सरांचं म्हणणं उपयोगी पडेल.

शॉर्टकट

सरांना कळवतो. ते मानणार नाहीत. मीही अर्धाच मानलंय.

रानवारा

धागा वर काढतोय, कारण मेहुण्याने नवा डाव टाकलाय. आरडीचं त्याने मान्य केलं. आता म्हणतो, "12.2 ठीक, पण त्यात फंड मॅनेजरचं कर्तृत्व किती? साध्या निफ्टी इंडेक्स फंडात टाकले असतेस तर?" इंडेक्स फंडाच्या पानावर तीन वर्षांचा परतावा दिलाय, तो माझ्या 12.2 शी ताडून बघू का?

सांख्यिक

नको. तिथला तीन वर्षांचा परतावा हा पहिल्या दिवशी एकरकमी टाकलेल्या पैशाचा असतो. तुमचा पैसा थेंबाथेंबाने गेलाय. 2022 मध्ये बाजाराने काय केलं त्याचा तुमच्या पैशावर फार थोडा परिणाम झाला, कारण तेव्हा आत फार पैसा नव्हताच. 2024 मध्ये काय झालं ते तुम्हाला जोरात लागलं. म्हणून XIRR ची तुलना XIRR शीच.

करायचं असं. एखादा निफ्टी 50 इंडेक्स फंड घ्या, ग्रोथ पर्याय, म्हणजे लाभांश आत धरलेला असतो. ऍम्फीच्या संकेतस्थळावर जुन्या एनएव्ही मिळतात. तुमच्या प्रत्येक हप्त्याच्या तारखेची एनएव्ही काढा, 10,000 ला तिने भागा, आलेले युनिट एका रकान्यात लिहा. 36 ओळी, अर्ध्या तासाचं काम. युनिटांची बेरीज गुणिले 5 जानेवारीला लागू असलेली एनएव्ही, हे झाले तुमचे काल्पनिक 4 लाख अमुक. तारखा आणि हप्ते तेच, फक्त शेवटची रक्कम बदलायची आणि XIRR काढायचा. दोन आकड्यांतला फरक हे मॅनेजरचं कर्तृत्व, निदान या तीन वर्षांपुरतं.

आणि मॅनेजरला एकट्याला जोखायचं असेल तर XIRR चुकीचं हत्यार आहे. पैसे कधी आले-गेले ते त्याच्या हातात नसतं. म्हणूनच सेबीने पीएमएसवाल्यांना आपली कामगिरी टाइम वेटेड रिटर्न पद्धतीने दाखवायला लावलंय, ज्यात ग्राहकाने पैसे कधी टाकले याचा परिणाम निघून जातो. वरच्या उदाहरणातल्या फंडाचे 12.2 तसे होते, आणि उणे 6.2 हे गुंतवणूकदाराचे.

गणोबा_72

रानवारा, निफ्टीचा आकडा आला की इथे टाका, मेहुण्याच्या बाजूचा असला तरी.

आणि माझी एक शंका. एका विमा पॉलिसीत 20 वर्षं दरवर्षी 30,000 भरले, आता बोनस धरून 11 लाख हातात आले. नातवाने XIRR साडेपाच काढून दाखवला आणि तोंड वाकडं केलं. पण त्यात 20 वर्षं माझा विमाही होता ना? तो फुकट होता का?

सांख्यिक

काका, त्या वयात तेवढ्याच रकमेच्या मुदत विम्याचा हप्ता किती पडला असता तो 30,000 मधून वजा करा आणि उरलेल्यावर XIRR काढा. थोडा वाढेल.

गणोबा_72

किती वाढेल?

सांख्यिक

20 वर्षांपूर्वीचा दर शोधावा लागेल. तुमच्याच शाखेत जुनी दरपत्रकं असतील तर बघा.

आजोळ

म्हणजे पॉलिसी 5 तारखेला घ्यायची की 25?